प्रोग्रामिंग न येणाऱ्या मुलांसाठी गेम डिझाइन: 20 संध्याकाळींचा आराखडा

प्रश्न: आमच्या कॉलेजात जुलैपासून गेम डिझाइनचा सायंवर्ग सुरू करायचा आहे. संध्याकाळी 6 ते 7.30, आठवड्यातून 2 दिवस, 10 आठवडे. 24 नावं आली आहेत. मुलं बी.ए. आणि बी.कॉम.ची, प्रोग्रामिंग कोणालाच येत नाही. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकवावं का? आराखडा कसा आखू?

उत्तर:

युनिटी नको. माझ्या पहिल्या वर्गात मी तीच चूक केली होती. पहिल्या 5 संध्याकाळी सॉफ्टवेअर मशीनवर चढवण्यात गेल्या, पुढच्या 10 एकाच धड्यामागे सगळ्यांनी धावण्यात. शेवटी प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक चेंडू होता, तो घरंगळत नाणी गोळा करायचा. सगळ्यांचा तोच चेंडू, तीच नाणी. एकीला विचारलं, "यात खेळणाऱ्याने ठरवायचं काय?" ती म्हणाली, "सर, बाण दाबायचा." बिचारीचं बरोबर होतं. तिला सॉफ्टवेअर थोडंफार आलं होतं, डिझाइन मी शिकवलंच नव्हतं.

तुमच्याकडे एकूण 30 तास आहेत. त्यात एकच गोष्ट नीट शिकवून होते: नियम बदलायचा, खेळून बघायचं, काय झालं ते लिहायचं, पुन्हा बदलायचं. हे चक्र कागदावर 10 मिनिटांत एकदा फिरतं. संगणकावर नवख्या मुलाला तेच करायला 2 दिवस लागतात. म्हणून पहिल्या 12 संध्याकाळी कागद, पत्ते आणि फासे, मग 5 संध्याकाळी संगणकावर गोष्टीचे खेळ बनवायचं ट्वाइन नावाचं फुकट साधन, आणि शेवटच्या 3 बाहेरच्या लोकांकडून खेळवून घेण्यासाठी, अशी मी विभागणी करतो.

पहिल्या 4 संध्याकाळी: दुसऱ्यांच्या खेळांची मोडतोड

पहिल्याच दिवशी व्याख्यान देऊ नका. 6 वाजता टेबलावर सापशिडीचे पट मांडून ठेवा. 4-4 जणांना खेळायला बसवा आणि 15 मिनिटांनी थांबवून एकच प्रश्न विचारा: "आतापर्यंत तुम्ही स्वतः काय ठरवलंत?" जरा शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, "सोंगटीचा रंग." हशा पिकतो, आणि तुमचा पहिला धडा तिथेच होऊन जातो. फासा टाकायचा, मोजायचं, सरकवायचं. खेळणारा खुर्चीतून उठून गेला आणि शेजाऱ्याने त्याचा फासा टाकला, तरी डावाला काही फरक पडत नाही.

इथे मी थोडं मोक्षपटाबद्दल बोलतो. आपल्याकडे ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडला गेलेला हा पट सापशिडीचा पूर्वज. त्यात घरांवर गुण-अवगुण लिहिलेले असत आणि जुन्या पटांत शिड्यांपेक्षा साप जास्त असत. म्हणजे खेळणाऱ्याच्या हातात काही नसणं ही तिथे उणीव नव्हती, तोच मुद्दा होता. आणि मोक्षाची वाट किती अवघड, हे सापांच्या संख्येतून सांगितलं जात होतं. मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं की आकडा बदलला की खेळाचं म्हणणं बदलतं.

मग काम द्या: "या खेळात एक निर्णय घाला. एकच. नवा पट नाही, नवी गोष्ट नाही." बहुतेक गट दोनपैकी एका वाटेने जातात. कोणी म्हणतं, दोन फासे टाकायचे आणि हवा तो एक वापरायचा. कोणी म्हणतं, प्रत्येकाला दोन सोंगट्या द्यायच्या, पडलेलं दान हवं त्या सोंगटीला. दोन्ही खेळवून बघा. दोन फाशांच्या खेळात साप टाळता येतो, शिडी गाठता येते, आणि डाव लवकर संपतो. तो किती लवकर संपेल याचा अंदाज कॉमर्सच्या मुलांना स्प्रेडशीटमध्ये काढायला लावा, त्यांना ते जमतं. एका रकान्यात हे सूत्र लिहून 500 ओळी खाली ओढायचं आणि सरासरी घ्यायची:

```
=MAX(RANDBETWEEN(1,6),RANDBETWEEN(1,6))
```

एका फाशाची सरासरी 3.5 असते. दोनांतला मोठा घेतला तर ती 4.47 च्या आसपास येते. खेळणारा दर वेळी मोठाच फासा घेईल असं नाही, कधी शिडीसाठी 2 घेईल. त्यामुळे हा अंदाज वरवरचा आहे, आणि तो तसा का आहे हेही मुलांकडूनच वदवून घ्या.

तिसऱ्या संध्याकाळी मी पिग नावाचा फाशाचा खेळ घेतो. तो दोन मिनिटांत शिकवून होतो. आपल्या पाळीत हवा तितक्या वेळा फासा टाकायचा, पडेल ते जमा होत जातं. मध्ये थांबलात तर जमा झालेलं तुमच्या खात्यात. पण 1 पडला की त्या पाळीचं सगळं गेलं आणि पाळी पुढच्याकडे. आधी 100 करणारा जिंकला. वर्गात या खेळाला आरडाओरडा होतो, तो होऊ द्या.

मग फळ्यावर विचारा, किती जमल्यावर थांबावं? कोणी 10 म्हणतं, कोणी 30. हिशेब असा मांडा. समजा या पाळीत तुझे 20 जमलेत, आणि हाच प्रसंग तुझ्यावर 6 वेळा आला. सरासरीने त्यांतल्या एकदा 1 पडणार आणि 20 जाणार. उरलेल्या पाच वेळा 2, 3, 4, 5, 6 पडणार, त्यांची बेरीज 20. गेले तेवढेच आले. जमा 12 असतील तर 12 जाण्याच्या बदल्यात 20 येतात, म्हणून टाकावं. 27 असतील तर थांबावं. आता नियमात एक शब्द बदला: 1 ऐवजी 6 पडला की सगळं गेलं. मिळणारे आकडे 1 ते 5 झाले, बेरीज 15, आणि थांबायची जागा 20 वरून 15 वर आली. मुलं पुन्हा खेळली की त्यांना डाव "घाबरट" वाटतो. बदल फाशात झाला नाही, एका वाक्यात झाला.

एखादा हुशार विद्यार्थी विचारेलच: "समोरचा 95 वर असेल तर मी 20 वर थांबून काय करू?" त्याला शाबासकी द्या. तो हिशेब दर पाळीचा फायदा सांगतो, जिंकण्याची शक्यता नाही. डावाच्या शेवटाकडे धाडस करावंच लागतं, आणि म्हणूनच हा खेळ कोरडा गणिताचा वाटत नाही.

चौथी संध्याकाळ पत्त्यांची. भिकार-सावकार खेळायचा (निर्णय शून्य), मग बदाम सात (निर्णय आहे: हातातली सत्ती दाबून ठेवायची की टाकायची). दोन्हींत फरक काय, यावर अर्धं पान लिहून आणायला सांगा. याहून जास्त सिद्धांत पहिल्या 4 संध्याकाळींत नको.

5 ते 12: स्वतःचा खेळ, कागदावर

गट 3 किंवा 4 जणांचे करा. दोघांचा गट संध्याकाळच्या वर्गात टिकत नाही. एकाची शेवटची गाडी असते, दुसऱ्याची दुकानातली ड्यूटी, आणि त्या दिवशी काम ठप्प. प्रत्येक गटाला एक बुटांचं खोकं द्या, ते वर्गातच राहील. त्यात पत्ते, सोंगट्या आणि सगळ्यांत वर नियमांचा ताजा कागद. जो येईल तो खोकं उघडून काम पुढे नेईल. घरी नेलेलं खोकं परत येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

सामान साधं असावं: कार्डशीटचे कापलेले तुकडे, फासे, रंगीत बटणं, कात्री. आणि पेन्सिल. पेनाने सुबक काढलेलं कार्ड मुलं बदलायला तयार होत नाहीत, त्यांचा जीव अडकतो. पहिले 4 आठवडे रंगवायला बंदी घाला.

या टप्प्यावर हमखास होणारा घोटाळा असा की गट गोष्ट घेऊन येतो. शिवकालातला गड, त्याचे तीन दरवाजे, फितूर किल्लेदार, 8 पानं लिहिलेली. छान असतात पानं. पण खेळ नसतो. त्यांना एकच वाक्य पुरं करायला सांगा: "माझी पाळी आली की मी ____ किंवा ____ यांतलं एक निवडतो, आणि ते अवघड आहे कारण ____." हे वाक्य पुरं होईपर्यंत कात्री हातात द्यायची नाही.

एका गटाचं उदाहरण तपशिलात सांगतो, कारण सगळा अभ्यासक्रम त्यात दिसतो. चौघे जण, त्यातले तिघे रोज तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारे. त्यांचं वाक्य होतं: "माझी पाळी आली की मी बाजारात अजून एक काम करतो किंवा स्टँडवर जातो, आणि ते अवघड आहे कारण शेवटची एसटी कधी सुटेल सांगता येत नाही." वाक्य ऐकूनच मला कळलं की खेळ उभा राहणार.

पहिली आवृत्ती अशी. वेळेची 12 कार्डं पिसून पालथी ठेवलेली, त्यांतल्या एकावर एसटी. दर फेरीला प्रत्येकजण आपल्या पाळीने सांगणार: बाजारात थांबतो की स्टँडवर जातो. मग वरचं कार्ड उघडायचं. एसटी नसेल तर बाजारात असलेल्या प्रत्येकाला एक काम मिळतं: दळण, रेशन, गुरांचं औषध, लग्नाचा बस्ता, 1 ते 4 गुणांचं. एसटी निघाली तर बाजारात असलेल्यांची त्या दिवसाची सगळी कामं बुडाली. स्टँडवर असलेल्यांची जपली. असे 3 दिवस खेळायचे.

खेळायला बसले आणि दुसऱ्या दिवशी पहिलंच कार्ड एसटीचं निघालं. चौघेही शून्यावर. एकदा हसले. पुढच्या डावात पुन्हा दुसऱ्याच कार्डाला तसंच झालं, तेव्हा एकाने कार्डं टेबलावर टाकली: "यात आपण काय करणार?" हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी सापशिडीत जे सापडलं होतं तेच ते. धोका होता, पण त्याची चाहूल नव्हती.

गटाचा पहिला उपाय होता कार्डं वाढवायची, 12 ची 20 करायची. त्याने काय होतं? डाव लांबतो, पण पहिल्याच कार्डाला एसटी येऊ शकते हे तसंच राहतं. मी त्यांना म्हटलं, स्टँडवर एसटी एकदम सुटते का? आधी फलाटाला लागते. मग त्यातल्याच मुलीने सुचवलं: एसटीची 3 कार्डं घालू. पहिलं निघालं की "लागली", दुसरं निघालं की "सुटली". तिसरं नुसतं गठ्ठ्यात पडून राहील.

आता हिशेब बघा, इथे खरी गंमत आहे. 12 कार्डांत 1 एसटी असेल तर ती सरासरीने साडेसहाव्या जागी येते. 12 कार्डांत 3 असतील तर त्यांतली दुसरीही सरासरीने साडेसहाव्याच जागी येते. म्हणजे डावाची लांबी सरासरीने तेवढीच राहिली. पण पहिल्या आवृत्तीत एसटी पहिल्या 3 कार्डांत सुटण्याची शक्यता 4 डावांत 1 होती, नव्या आवृत्तीत ती साधारण 8 डावांत 1 झाली, आणि पहिल्याच कार्डाला सुटणं तर अशक्यच झालं. सूत्र शिकवायची गरज नाही. चौघांनी मिळून गठ्ठा 60 वेळा पिसावा आणि कितव्या कार्डाला एसटी सुटली ते चौकटीत खुणांनी मांडावं. 20 मिनिटांचं काम आहे. पहिल्या आवृत्तीच्या खुणा सगळीकडे सारख्या पसरतात, दुसरीच्या मधोमध ढीग होतो. तो ढीग डोळ्यांनी पाहिलेला मुलगा सरासरी आणि पसारा यांतला फरक विसरत नाही.

आणि मग नवीनच अडचण उभी राहिली. पुढच्या डावात चौघेही निवांत बाजारात. "लागली" निघेपर्यंत कोणी हलेना. कारण उघड आहे: तोवर धोका शून्य. आधी निर्णय अवघड होता पण आंधळा होता, आता डोळस झाला पण निम्मा डाव सोपा झाला. दुरुस्तीतून बिघाड निघणं हे या कामात रोजचं आहे, आणि मुलांना तो स्वतः सापडू द्यावा. मला तो आधीच दिसला होता, मी गप्प बसलो.

त्यांनी शोधलेला उपाय पुन्हा स्टँडवरूनच आला: जागा. स्टँडवर सगळ्यांत आधी पोचणाऱ्याला खिडकी, 3 गुण. दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1. चौथा उभ्याने जाणार. आता धोका नसतानाही लवकर निघायला कारण मिळालं, आणि एकाने निघायचं ठरवलं की बाकीचे चुळबुळायला लागले. त्यात "लागली" कधी निघते यावर पुढचा हिशेब बदलतो. तिसऱ्याच कार्डाला लागली तर उरलेल्या 9 कार्डांत एसटीची 2, अजून एक काम उरकायला हरकत नाही. आठव्या कार्डाला लागली तर उरलेल्या 4 मध्ये 2, म्हणजे छापा-काटा. खेळणारे आपोआप निघालेली कार्डं मोजायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटची दुरुस्ती छोटी होती. पाळीपाळीने निर्णय सांगताना शेवटच्याला बाकी सगळ्यांचं कळायचं, त्याचा फायदा व्हायचा. म्हणून सगळ्यांनी एकदम मूठ पुढे करायची, आत बटण असेल तर बाजार, रिकामी असेल तर स्टँड. हे झालं पाचव्या आवृत्तीत, अकराव्या संध्याकाळी. तोवर कार्डांवर एकही चित्र नव्हतं.

या 8 संध्याकाळींत वर्गाची रोजची घडी अशी ठेवा: पहिला अर्धा तास दुसऱ्या गटाचा खेळ खेळायचा, म्हणजे उशिरा येणारा कुठेही सामील होतो. पुढची 40 मिनिटं आपल्या खेळात एक बदल. उरलेला वेळ तो बदल खेळून बघणं आणि वहीत 5 ओळी. एका वेळी एकच बदल, यावर अडून बसा. तीन बदल एकदम केले आणि खेळ सुधारला, तर कशाने सुधारला ते कोणालाच कळत नाही. बिघडला तर विचारायलाच नको.

खेळवून बघताना

प्लेटेस्ट म्हणजे मित्रांना खेळ समजावून सांगत खेळवणं, असा मुलांचा समज असतो. नववी-दहावी संध्याकाळ यासाठीच ठेवा आणि नियम घाला: ज्यांनी खेळ बनवला ते बोलणार नाहीत. खेळणाऱ्यांच्या हातात फक्त नियमांचा कागद. बनवणारे भिंतीला पाठ लावून उभे, हातात वही. 10 मिनिटं गप्प राहणं मुलांना भारी जड जातं. एक मुलगा तोंडावर हात दाबून उभा होता, कारण खेळणारे "लागली" कार्ड निघाल्यावर ते परत गठ्ठ्यात मिसळत होते. कागदावर ते बाजूला ठेवायचं असं लिहिलंच नव्हतं. त्याच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं.

वहीत काय टिपायचं? पहिली पाळी सुरू व्हायला किती मिनिटं लागली. कोणी कितव्या मिनिटाला "आता कोणाची पाळी?" विचारलं. फोन कोणी, केव्हा हातात घेतला. खेळणाऱ्यांनी चुकीचा खेळलेला नियम, कारण कधीकधी त्यांचा चुकीचा नियमच बरा असतो. डाव संपल्यावर "आवडला का?" हा प्रश्न बंद. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, सगळे छानच म्हणतात. त्याऐवजी विचारा: कुठल्या चालीचा पश्चात्ताप झाला? आता आपण जिंकत नाही असं केव्हा वाटलं? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर खेळात निर्णय नाही. दुसऱ्याचं उत्तर "दुसऱ्याच फेरीत" असेल, तर पुढचा अर्धा तास तो माणूस नाइलाजाने बसला होता.

13 ते 17: ट्वाइन

आता संगणक. ट्वाइन 2009 मध्ये ख्रिस क्लिमासने बनवलं. ते ब्राउझरमध्ये चालतं, मराठी नीट दाखवतं, आणि त्यात गोष्टीचे तुकडे चौकोनांसारखे मांडून बाणांनी जोडता येतात. पहिल्या संध्याकाळी फक्त दुवे:

```
स्टँडवर पाटी बदलली आहे.
[[चौकशीला जा->चौकशी]]
[[चहा घे->टपरी]]
```

तासाभरात सगळ्यांच्या गोष्टी चालायला लागतात. दुसऱ्या संध्याकाळी भिंत लागते. प्रत्येक वळणावर 2 वाटा असतील तर 6 वळणांनंतर 64 शेवट लिहावे लागतात. तिसऱ्या वळणालाच मुलं दमतात. इथे त्यांना सांगायचं की वाटा पुन्हा एकत्र आणा, पण खेळणाऱ्याने काय केलं ते लक्षात ठेवा. म्हणजे चल, व्हेरिएबल. कागदी खेळात बाजूला ठेवलेली बटणं म्हणजे हेच होतं, हे जोडून दाखवलं की घाबरत नाहीत. ट्वाइनच्या नेहमीच्या हार्लो स्वरूपात सुरुवातीच्या चौकोनात पैसे ठरवायचे:

```
(set: $paise to 60)
```

टपरीच्या चौकोनात ते कमी करायचे, आणि पुढे त्यावर अट घालायची:

```
(set: $paise to $paise - 15)
(if: $paise >= 50)[ [[तिकीट काढ->एसटी]] ]
(else:)[ [[कंडक्टरला विनवणी कर->विनवणी]] ]
```

एक चूक प्रत्येक वर्गात होते. खेळणारा स्टँडवर परत येतो आणि त्याचे पैसे पुन्हा 60 होतात, कारण 60 ठरवणारी ओळ स्टँडच्याच चौकोनात आहे आणि तिथे गेलं की ती दर वेळी चालते. उपाय: सुरुवातीचा एक वेगळा चौकोन, जिथे परत येणारा बाणच नाही. हे मी आधी सांगत नाही. सापडलं की मुलं ओरडतात, आणि "ओळ केव्हा चालते" हा प्रोग्रामिंगमधला मूळ प्रश्न त्यांना आपसूक कळतो.

आता एक धोक्याची सूचना. ब्राउझरमधलं ट्वाइन गोष्ट त्या मशीनच्या त्या ब्राउझरमध्येच साठवतं. मी शिकवत होतो त्या एका प्रयोगशाळेतली मशीन रात्री बंद केली की मूळ स्थितीवर यायची. आठवड्याभराचं सगळ्या वर्गाचं काम एका रात्रीत पुसलं गेलं. चूक माझी, मी आधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून 7.15 ला मी सगळ्यांना `Build` मधून `Publish to File` करायला लावतो आणि ती फाइल स्वतःच्या मेलवर पाठवायला लावतो. तीच फाइल नंतर ट्वाइनमध्ये परत आणून पुढे काम करता येतं. मेल पोचल्याशिवाय कोणी मशीन बंद करत नाही.

प्रत्येक गटाने आपला कागदी खेळ ट्वाइनमध्ये आणावा, असा हट्ट धरू नका. एसटीवाल्यांनी तो प्रयत्न केला आणि खेळ मेला. चार जणांनी एकदम मूठ उघडण्यातली मजा एकट्याच्या स्क्रीनवर येत नाही. मग त्यांनी गाडी चुकलेल्या एका मुलीची रात्र लिहिली, 23 चौकोनांची. ती चांगली जमली.

18 ते 20 आणि गुण

18 आणि 19 ला दुसऱ्या वर्गातली, खेळ आधी न पाहिलेली मुलं बोलवा आणि वरचाच मुके राहण्याचा नियम लावा. अनोळखी गटाने फक्त कागद वाचून 5 मिनिटांत पहिली पाळी सुरू केली तर नियमांचा कागद पास. 20 वी संध्याकाळ कॉलेजच्या कट्ट्यावर करा, टेबलं मांडून, येईल त्याला बसवून. प्राध्यापकांना खास निमंत्रण द्या, त्यांना हरताना बघायला गर्दी होते.

शंभरातले 40 गुण मी वहीला देतो: किती आवृत्त्या, प्रत्येकीत काय बदललं, बदलण्याआधी काय पाहिलं होतं. 30 नियमांच्या कागदाला, 20 ट्वाइनला, 10 दुसऱ्यांचे खेळ खेळून लिहिलेल्या नोंदींना. "खेळात मजा आली का" याला गुण नाहीत. त्याला गुण ठेवले की मुलं जोखीम घेत नाहीत, माहितीतल्या पत्त्याच्या खेळालाच नवं नाव देऊन आणतात. वही शेवटच्या रात्री बसून लिहिली आहे का, हे लगेच ओळखता येतं: सगळ्या पानांवर एकच पेन असतं आणि प्रत्येक बदलाने खेळ सुधारलेला असतो. खऱ्या वहीत निदान दोन ठिकाणी "हे केलं आणि सगळं बिघडलं, परत आधीसारखं केलं" असं सापडतं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. 13 ते 17 या संध्याकाळींसाठी प्रयोगशाळा जुलैमध्येच लेखी मागून ठेवा. तुमचा वर्ग तिथे पोचेल तेव्हा परीक्षांचे दिवस असतील, आणि ऐनवेळी खोली मिळत नाही. नाहीच मिळाली तर ट्वाइन फोनच्या ब्राउझरवरही उघडतं. चौकोन बोटाने सरकवताना चिडचिड होते, पण दोघांत एक फोन धरून 10-12 चौकोनांची गोष्ट होऊन जाते.